प्रकल्प नोंदी: चांदीचा कॅटलॉग, काळपट पार्श्वभूमी आणि ८ की १० बिट

१२ ऑगस्ट

हुपरीच्या शेठचा दिवाळी कॅटलॉग. पैंजण, जोडवी, करदोडे आणि थोडे मीनाकामाचे नग. सगळं काळ्या अॅक्रिलिकवर ठेवून काढलंय, मागे राखाडी कागद, त्यावर वरून एकच सॉफ्टबॉक्स. त्यामुळे प्रत्येक फोटोत मागचा भाग उजेडाकडून काळोखाकडे हळूहळू उतरत जातो. चांदीला अशी पार्श्वभूमी मानवते, पांढऱ्यावर ती फिकट पडते. पण स्क्रीनवर दाखवायला यापेक्षा अवघड काही नाही, हे आज पुन्हा समोर आलं.

सागरने पहिल्या काही फोटोंची सफाई केली. कागदावरची धूळ काढली, पार्श्वभूमीचा नॉईज कमी केला, वर हलकं गॉशियन ब्लर दिलं. मग हाक मारली, "दादा, मागं पट्टे पडल्यात बघा." खरंच पडले होते. पैंजणाच्या वरच्या भागात आडवे जाड पट्टे, प्रत्येकाची कड डोळ्याला कळेल इतकी साफ.

कच्च्या रॉ फाईलमध्ये हे पट्टे दिसत नाहीत, आणि त्याला कारण आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा बारीक नॉईज दोन छटांमधली सीमा विस्कटून टाकतो. शेजारच्या पिक्सेलांपैकी काही थोडे वर, काही थोडे खाली असले की डोळा त्यांची सरासरी घेतो आणि उतार सलग वाटतो. सफाईत आपण तोच नॉईज पुसला. आता सगळा भार पायऱ्यांच्या संख्येवर आला.

प्रश्न असा, की पट्टे फाईलमध्ये आहेत की नुसते स्क्रीनवर? फाईलमध्ये असतील तर सफाई नव्याने करायला हवी. स्क्रीनवर असतील तर चांगल्या फाईलला हात लावून ती बिघडवण्यात अर्थ नाही. हे ठरेपर्यंत सागरला पुढचं काम थांबवायला सांगितलं.

१३ ऑगस्ट

फोटोशॉपच्या `Info` पॅनलने निकाल लावला. पॅनलमधल्या आयड्रॉपरच्या चिन्हावर क्लिक करून आकडे `16-bit` मध्ये घेतले आणि आयड्रॉपरचा नमुना `5 by 5 Average` ठेवला. फोटोशॉपचं १६ बिट म्हणजे ० ते ३२७६८. त्यामुळे ८ बिटमधली एक पायरी इथे सुमारे १२८ आकड्यांची होते.

एका पैंजणाच्या फोटोत एकच पट्टा निवडला आणि त्याच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत कर्सर सावकाश नेला. खालच्या कडेला ३८०२, मध्यावर ३८५९, वरच्या कडेला ३९१५. म्हणजे डोळ्याला जो पट्टा सपाट एकरंगी दिसतोय, त्याच्या आतही फाईल चढतेच आहे. उतार शाबूत आहे. फाईल आणि डोळा यांच्यामध्ये कुठेतरी कुणीतरी आकडे तोडतंय.

याच कॅटलॉगमधले काही फोटो बाहेरच्या एका एडिटरकडून आले आहेत, त्यांना हीच परीक्षा लावली. तिथे पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आकडा हलत नाही आणि कड ओलांडली की एकदम १२८ च्या आसपास उडी घेतो. ते काम ८ बिटमध्ये झालंय आणि पट्टे फाईलमध्येच कोरले गेलेत. `Image > Mode > 16 Bits/Channel` केलं म्हणून गेलेल्या छटा परत येत नाहीत, जुन्याच पायऱ्या मोठ्या मोजपट्टीवर लिहिल्या जातात. पण १६ बिट करून मग पार्श्वभूमीपुरतं मोठं ब्लर दिलं तर पायऱ्यांच्या मधली जागा नव्या आकड्यांनी भरते. एका फाईलवर करून पाहिलं, पट्ट्याच्या आत आकडे चढायला लागले. हे काम सागरकडे दिलं. नगाभोवती मास्क नीट लावायचा, नाहीतर चांदीची कड मागच्या राखाडीत पाझरते.

एक सूचना दोघांसाठीही. पट्टे तपासायचे ते फोटो १०० टक्के झूमवर ठेवूनच. ६६.६७ टक्क्यांच्या खाली फोटोशॉप लहान करून ठेवलेल्या कॅशवरून चित्र दाखवतं, आणि तिथे असे पट्टे दिसू शकतात जे १०० टक्क्यांवर गायब असतात.

१४ ऑगस्ट

गडद भागच का त्रास देतो याचा हिशोब मांडला, कारण सागरचा प्रश्न रास्त होता: "आभाळाच्या फोटोत एवढं कधी दिसत नाही, मग इथंच का?"

८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १० बिटमध्ये १०२४. पण या पातळ्या उजेडाच्या हिशोबाने समान अंतरावर नसतात. गॅमा २.२ धरला तर एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाताना उजेड किती टक्के वाढतो याचा ढोबळ अंदाज २२० भागिले ती पातळी. पातळी २०० ला ही वाढ एक टक्क्याच्या जवळपास येते. चांगल्या उजेडात डोळ्याला फरक कळायला साधारण एवढंच लागतं, म्हणून आभाळ बहुतेकदा निभावून जातं. पातळी २० ला हीच वाढ ११ टक्के होते. १०० कँडेलावर लावलेल्या मॉनिटरवर पातळी २० चा उजेड सुमारे ०.३७ कँडेला आणि २१ चा ०.४१. काळोखात डोळ्याची पारख बोथट होते हे खरं, पण ११ टक्के तिलाही कळतात. १० बिटमध्ये तीच पायरी चार तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकडा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतो.

दुसरं कारण पट्ट्याच्या रुंदीचं. आपल्या पार्श्वभूमीत पातळी २२ ते ४६ एवढाच पल्ला आहे आणि तो सुमारे ३००० पिक्सेलांवर पसरलाय. २४ पायऱ्यांत ३००० पिक्सेल म्हणजे पायरीला १२५. रुंद, सपाट आणि शेजाऱ्यापासून स्पष्ट वेगळी. आभाळात पल्ला मोठा असतो, पायऱ्या अरुंद होतात, वर ढग आणि धूसरपणा मदतीला असतात.

१६ ऑगस्ट

डोळ्यावर विसंबण्यापेक्षा मोजता येईल अशी पट्टी बनवली. पातळी २० ते ४० चा उतार, ३८४० पिक्सेल रुंद, १६ बिटमध्ये:

```python
import numpy as np, cv2
r = np.linspace(20, 40, 3840) * 257
img = np.repeat(r.round().astype(np.uint16)[None, :], 600, 0)
cv2.imwrite("ramp16.png", cv2.merge([img, img, img]))
```

फोटोशॉपमध्ये उघडून `Edit > Assign Profile` मधून मॉनिटरचाच प्रोफाइल दिला. असं केलं की रंगव्यवस्थापनाला बदलायला काही उरत नाही आणि फाईलमधले आकडे आहेत तसे पुढे जातात. मग पूर्ण स्क्रीन, १०० टक्के.

आपला मॉनिटर २७ इंची ४के. एका पिक्सेलची रुंदी ०.१५५ मिलीमीटर. स्क्रीनपर्यंत ८ बिटच पोचत असतील तर एक पायरी १९२ पिक्सेलांची, म्हणजे जवळजवळ ३ सेंटिमीटर. १० बिट पोचत असतील तर ४८ पिक्सेलांची, म्हणजे साडेसात मिलीमीटर. खोलीतले दिवे बंद केले आणि स्टीलची फूटपट्टी काचेला न टेकवता समोर धरली. पट्टे तीन-तीन सेंटिमीटरचे. संशयाला जागाच नाही, ८ बिट.

स्क्रीनशॉट काढून तपासायचा मोह टाळायचा. स्क्रीनशॉट ८ बिटचाच निघतो आणि काहीच सिद्ध करत नाही. पुरावा लागला तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून रॉमध्ये फोटो काढायचा आणि त्याचा काँट्रास्ट चढवायचा. शटर अर्धा सेकंद तरी ठेवायचं. का ते मॉनिटरच्या नोंदीत येईल.

१८ ऑगस्ट

कापाकापी कुठे होते ते शोधायचं तर फाईलपासून काचेपर्यंतचा रस्ता एकेक टप्पा बघायला लागतो. टप्पे चार: फोटोशॉप, कार्डाचा ड्रायव्हर, केबल, मॉनिटर. चारही जागी १० बिट असेल तरच शेवटी १० बिट मिळतात. एकाने जरी ८ केले तरी बाकीच्या तिघांचा उपयोग नाही.

विंडोजच्या `Advanced display` मध्ये `Bit depth` समोर `8-bit` आणि `Color format` समोर `RGB`. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Change resolution` खाली `Output color depth` ची यादी उघडली तर फक्त `8 bpc`. मॉनिटरच्या कागदावर १.०७ अब्ज रंग म्हणजे १० बिट लिहिलंय, मग यादीत १० का नाही? कारण मॉनिटर एचडीएमआय २.० वर जोडलाय.

हिशोब असा. एचडीएमआयवर ४के ६० हर्ट्झसाठी दिसणाऱ्या पिक्सेलांबरोबर कडेची रिकामी जागाही मोजतात, एकूण ४४०० गुणिले २२५०. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ५९.४ कोटी पिक्सेल. ८ बिटला प्रत्येक पिक्सेलला २४ बिट, म्हणजे १४.२६ गिगाबिट. एचडीएमआय २.० वर १८ गिगाबिट लिहिलेले असतात, पण त्यातले सांकेतिक बिट वजा जाता चित्रासाठी १४.४ उरतात. ८ बिट जेमतेम बसतं. १० बिटला १७.८ लागतात, ते बसत नाही. ड्रायव्हरने यादीतून १० काढून टाकलं ते बरोबरच आहे.

`Output color format` मध्ये `YCbCr422` निवडलं तर मात्र `10 bpc` लगेच उपलब्ध होतं. सागर खूश झाला. "झालं की मग दादा!" फूटपट्टीवर पायऱ्या दिसेनाशा होतील की नाही हे बघण्याआधी त्याला मीनाकामाचा नग १०० टक्क्यांवर उघडायला सांगितला. लाल मिना आणि चांदीची तार यांच्यामधली कड आदल्या दिवशी सुरीसारखी होती, आता लाल रंग बाजूच्या पिक्सेलात उतरलाय. ४२२ मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते पण रंगाची माहिती आडव्या दोन पिक्सेलांत मिळून एकदाच. उतार गुळगुळीत होतो आणि त्याची किंमत रंगाच्या कडांनी मोजावी लागते. सिनेमा बघायला चालेल. जिथे लाल मिन्याच्या कडेवर क्लोन स्टँप चालवायचाय तिथे मी पूर्ण आरजीबीचे ८ बिट घेईन, ४२२ चे १० नाही.

याच पानावर `Output dynamic range` आहे. ते `Full` असल्याची खात्री केली. ते `Limited` राहिलं तर ८ बिटच्या २५६ पातळ्यांपैकी १६ ते २३५ एवढ्याच, म्हणजे २२० वापरात येतात आणि पट्टे आणखी रुंद होतात. दुसऱ्या टेबलावरच्या टीव्हीवजा मॉनिटरला हे आपोआप `Limited` झालेलं सापडलं, ते बदललं.

तिसरा मार्ग म्हणजे एचडीएमआयवरच ३० हर्ट्झ. आरजीबी १० बिट मिळतात, पण ब्रश हाताच्या मागे रेंगाळतो. दिवसभर त्यावर काम करणं शक्य नाही.

१९ ऑगस्ट

शाहूपुरीतून डिस्प्लेपोर्टची दोन मीटरची केबल आणली. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट १.२ आहे, त्यात चार वाहिन्यांवर मिळून चित्रासाठी १७.२८ गिगाबिट मिळतात. इथे कडेची रिकामी जागाही कमी धरतात, त्यामुळे ४के ६० हर्ट्झ १० बिट आरजीबीला १६ गिगाबिट पुरतात. बसलं.

कंट्रोल पॅनलमध्ये `RGB`, `10 bpc`, `Full`. विंडोज आता `10-bit` दाखवतंय. फूटपट्टी लावली तर पट्टे तसेच, तीन सेंटिमीटरचे.

इथेच बहुतेक जण मॉनिटरवर शंका घेतात. पण विंडोज दाखवतंय ती केबलवरची खोली, प्रोग्रॅम किती बिटांत चित्र काढतोय हे त्यातून कळत नाही. साधं डेस्कटॉप, ब्राउझर, फोटो बघायचा प्रोग्रॅम हे ८ बिटमध्येच काढतात आणि ते आकडे १० बिटच्या पाइपातून जातात. फोटोशॉपला वेगळं सांगावं लागतं: `Preferences > Performance > Advanced Settings` मध्ये `30 Bit Display`. तीन रंगांचे दहा-दहा म्हणून ३०. खूण केली, फोटोशॉप बंद करून उघडलं.

पट्टी पुन्हा उघडली. तीन सेंटिमीटरचे पट्टे गेले. नुसत्या डोळ्याला आता उतार सलग दिसतो. कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोचा काँट्रास्ट बराच ताणला तेव्हा साडेसात मिलीमीटरच्या पायऱ्या वर आल्या, म्हणजे खरोखर १० बिट काचेपर्यंत पोचतायत. तीच फाईल विंडोजच्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेजारी उघडली तर तिथे जुनेच रुंद पट्टे. एकाच काचेवर, एकाच वेळी, एका खिडकीत ८ आणि दुसरीत १०. सागरला समजावायला यापेक्षा वेगळं काही लागलं नाही.

आपलं कार्ड जीफोर्स. जुलै २०१९ च्या स्टुडिओ ड्रायव्हरपूर्वी या कार्डांवर फोटोशॉपच्या खिडकीला ३० बिट मिळत नसत, त्यासाठी क्वाड्रो घ्यावं लागे. जुन्या लेखांत अजून "क्वाड्रोशिवाय होत नाही" असं वाचायला मिळतं, ते आता धरायचं नाही.

२० ऑगस्ट

मॉनिटरचं पॅनल खरं १० बिटचं आहे का, हा सागरचा पुढचा प्रश्न. कागदावर बारीक अक्षरात "८ बिट + एफआरसी" आहे. म्हणजे पॅनलचा प्रत्येक पिक्सेल स्वतः २५६ पातळ्याच दाखवतो आणि मधल्या पातळ्या वेळेवर विभागून बनवतो. १० बिटमधली ८१ ही पातळी ८ बिटच्या २० आणि २१ यांच्यामध्ये, २० च्या जवळ आहे. मग चार फ्रेमपैकी तीनदा २० आणि एकदा २१ दाखवायचे. ८२ ला दोन-दोन. शेजारच्या पिक्सेलांची वेळ मुद्दाम मागेपुढे ठेवतात, त्यामुळे लुकलुक जाणवत नाही.

म्हणूनच कॅमेऱ्याला अर्ध्या सेकंदाचं शटर लागतं. १/१२५ वर फोटो काढला तर एकच फ्रेम किंवा तिचा तुकडा पकडला जातो आणि उताराऐवजी बारीक चरे दिसतात. ते पाहून पॅनल खराब ठरवायचं कारण नाही.

खऱ्या १० बिट पॅनलसाठी जास्त पैसे टाकावेत का? या कामापुरतं मला गरज दिसत नाही. हातभर अंतरावरून, १०० कँडेलावर, या पॅनलवरचा उतार मला सलग दिसतो. पैसे टाकायचेच तर ते मॉनिटरच्या आत कॅलिब्रेशन साठवण्याच्या सोयीवर टाकीन. उद्या त्याचंच काम आहे.

२१ ऑगस्ट

दुसऱ्या टेबलावरच्या पीसीचं कार्ड जुनं आहे, त्याला ८ बिटच मिळणार. तिथेही सागरला सफाई करायचीये. त्या मॉनिटरवर राखाडी उतार नुसता पट्ट्यांचा दिसत नाही, एक पट्टा गुलाबीसर, पुढचा हिरवट. राखाडी पट्टीत असे रंग दिसले की कॅलिब्रेशनकडे बोट करायचं.

कॅलिब्रेशन केलं की प्रत्येक रंगाची एक दुरुस्तीची सारणी कार्डात चढते. समजा मॉनिटर निळसर आहे आणि सारणीने निळा ९० टक्क्यांवर आणला. ० ते २५५ च्या २५६ पातळ्या आता ० ते २३० मध्ये कोंबायच्या. बाहेर ८ बिटच जाणार असतील तर पंचवीसेक ठिकाणी दोन शेजारच्या पातळ्यांना एकच आकडा मिळतो. लाल आणि हिरव्याच्या सारण्या वेगळ्या, त्यांच्या जोड्या वेगळ्या ठिकाणी पडतात. जिथे निळा थांबला पण लाल-हिरवा पुढे गेला तिथे राखाडीवर रंग चढतो.

खात्री करायला आर्गिल या कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅमच्या दोन आज्ञा. पहिलीने सारणी रिकामी होते, दुसरीने परत चढते:

```
dispwin -d 1 -c
dispwin -d 1 -L
```

पहिली दिल्यावर स्क्रीन निळसर झाली पण गुलाबी-हिरवे पट्टे गेले, साधे राखाडी उरले. दुसरी दिल्यावर परत आले. कारण पक्कं.

उपाय म्हणून मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांतून आर, जी, बी चे गेन हलवून पांढरा रंग डी६५ च्या शक्य तितका जवळ आणला आणि मग नव्याने कॅलिब्रेट केलं. आता सारणीला एक-दोन टक्केच दुरुस्ती करावी लागते आणि दुहेरी पातळ्या मोजक्या राहतात. रंगीत पट्टे जवळजवळ गेले.

१० बिटचा एक फायदा इथे आहे जो लोकांच्या सहज लक्षात येत नाही. विंडोजच्या या सारणीत २५६ खणांतला प्रत्येक आकडा १६ बिटचा असतो आणि ती प्रोग्रॅमच्या नंतर, केबलच्या आधी लागते. केबलवर १० बिट असतील तर निळा ९० टक्क्यांवर आणला तरी ९०० च्या वर जागा उरतात आणि २५६ पैकी प्रत्येक पातळीला आपला वेगळा आकडा मिळतो. म्हणजे प्रोग्रॅम ८ बिटचा असला तरी कॅलिब्रेशनमुळे होणारे पट्टे १० बिटच्या केबलवर टळतात. ज्या मॉनिटरच्या आतच १४ किंवा १६ बिटची सारणी असते, तिथे कार्डातली सारणी सरळ ठेवता येते आणि हा प्रश्न ८ बिटच्या केबलवरही येत नाही.

२३ ऑगस्ट

शेठ आले होते. मोठ्या मॉनिटरवर फोटो पाहून म्हणाले, "झकास झालंय. पण गिऱ्हाईक मोबाईलवर बघणार, तिथं कसं दिसतंय ते दाखवा." मुद्द्याचं बोलले. आम्ही १० बिटवर गुळगुळीत उतार बघून फाईल पाठवणार आणि ती जेपेग म्हणून ८ बिटमध्ये जाणार.

म्हणून बाहेर पाठवायच्या फाईलचा क्रम ठरवला. आधी आकार लहान करायचा, मग एसआरजीबीत न्यायचं, हे दोन्ही १६ बिटमध्ये. त्यानंतर पार्श्वभूमीच्या मास्कवर `Filter > Noise > Add Noise`, `Gaussian` आणि `Monochromatic`, प्रमाण अर्धा ते एक टक्का. सगळ्यात शेवटी ८ बिट. क्रम उलटा करून चालत नाही. नॉईज आधी टाकून मग आकार लहान केला तर लहान करताना पिक्सेलांची सरासरी होते आणि नॉईज विरतो. ८ बिट केल्यावर नॉईज टाकला तर पायऱ्या आधीच कापलेल्या असतात, नॉईज त्यांच्यावर नुसता पसरतो.

पैंजणाच्या फोटोवर दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. बरोबर क्रमाने केलेल्यात २४.३ अशी मधली पातळी शंभरातल्या बहुतेक पिक्सेलांना २४ आणि उरलेल्यांना २५ किंवा क्वचित २३ अशी वाटली जाते, सरासरी जागेवर राहते. जुन्या पीसीच्या ८ बिट स्क्रीनवरही पट्टा दिसत नाही. ४०० टक्क्यांवर नेलं तर रवाळपणा दिसतो, पण कॅटलॉग कुणी ४०० टक्क्यांवर बघत नाही.

जेपेगची गुणवत्ता ११ च्या खाली नेऊ नये. गुणवत्ता कमी केली की जेपेग आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनातला बारीक चढउतार शून्य करतो, आणि आपण टाकलेला नॉईज म्हणजे नेमका तोच चढउतार. गुणवत्ता ७ वर तीच फाईल साठवली तर पट्टे परत आले, वर चौकोनी ठिगळंही दिसायला लागली. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तिथे पुन्हा दाबलं जातं, म्हणून शेठना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. त्यांनी पुढे गिऱ्हाइकांना कसं पाठवायचं तेही सागरने त्यांच्या फोनवर करून दाखवलं.

यावरून दोन स्क्रीनची वाटणी ठरली. सफाई आणि उताराचा निर्णय १० बिटच्या मॉनिटरवर, कारण तिथे पट्टा दिसला तर तो फाईलमधलाच असतो. बाहेर जाणारी प्रत्येक जेपेग जुन्या पीसीच्या ८ बिट स्क्रीनवर एकदा बघायची, कारण गिऱ्हाइकाकडे तशीच स्क्रीन असण्याची शक्यता जास्त.

२५ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीत सागर लॅपटॉप घेऊन मोठ्या मॉनिटरवर बसणार आहे, जोडणी यूएसबी-सीच्या एकाच केबलने. जोडून पाहिलं तर लॅपटॉपचा ड्रायव्हर ४के ६० हर्ट्झला `8 bpc` च देतोय, फूटपट्टीवर पट्टे तीन सेंटिमीटरचे.

या केबलमध्ये चित्रासाठी चार वाहिन्या असतात. मॉनिटरमागे यूएसबी ३ चालू असेल तर त्यातल्या दोन तिकडे जातात. उरलेल्या दोन वाहिन्या वेगवान प्रकारच्या, डिस्प्लेपोर्ट १.४ च्या असल्या तरी १२.९६ गिगाबिट मिळतात. ४के ६० च्या ८ बिटला १२.८ लागतात, ते बसलं. १० बिटला १६ लागतात, ते बसत नाही. आकडे इतके चिकटून आहेत की मॉनिटर कुठल्या सेटिंगवर आहे ते न बघताही ओळखता आलं.

मॉनिटरच्या मेनूत यूएसबी-सीसाठी डेटाचा वेग आधी की चित्र आधी, अशी निवड आहे. ती चित्राकडे केली. यूएसबी २ वर उतरलं, चारही वाहिन्या चित्राला मिळाल्या, यादीत `10 bpc` आलं. माऊस, कीबोर्ड आणि कॅलिब्रेटर यांना यूएसबी २ पुरतं. कार्ड रीडर मात्र मॉनिटरच्या मागे लावायचा नाही, थेट लॅपटॉपला लावायचा, नाहीतर कार्ड उतरवून घ्यायला फार वेळ जाईल. मॉनिटरच्या कडेला तसं लिहिलेली चिकटपट्टी लावली.

बाहेरच्या एडिटरकडे नवीन नग पाठवताना आता अट घातली आहे: १६ बिट टिफ परत हवी, जेपेग चालणार नाही. फाईल आली की उघडून आधी `Info` पॅनलमध्ये पट्ट्याच्या आतला आकडा हलतो का ते बघायचं, मगच सागरने पुढचं काम हातात घ्यायचं.